पोटभाडेकरू आणि पंधरा दिवसांची नोटीस

समजा, कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. चोवीस महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, महिना 22 हजार रुपये. करार झालेला तरुण चार महिन्यांतच नोकरीसाठी बंगळुरूला गेला. जाताना दोन ओळखीच्या मुलांना किल्ल्या देऊन गेला आणि त्यांच्याकडून महिना 26 हजार घेऊ लागला. मालकीणबाईंना हे कळलं सोसायटीच्या सेक्रेटरींकडून, कारण पाहुण्यांच्या वहीत त्याच दोन नावांच्या रोज नोंदी होत होत्या.

अशा वेळी पहिला विचार येतो तो कुलूप बदलण्याचा किंवा वीज-पाणी तोडण्याचा. दोन्ही करू नये. तसं केलं की तक्रारदार बदलतो आणि मालकीणबाईंनाच उत्तर देत बसावं लागतं. आधी करार काढून वाचावा. त्रयस्थाला जागा देण्यास मनाई करणारं कलम बहुतेक करारांत असतं, आणि चूक सुधारायला किती दिवस द्यायचे हेही काहींत लिहिलेलं असतं. तसं असेल तर तेवढे दिवस द्यावेच लागतात. नसेल तर मात्र ही मुदत मालकाच्या मर्जीची. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, भाडेपट्ट्याची अट मोडणाऱ्याला आधी लेखी कळवून ती चूक निस्तरायला वाजवी वेळ द्यावा, असं कलम 114-अ सांगतं. पण पोटभाडेकरू ठेवू नये ही अट त्यातून मुद्दाम वगळलेली आहे. लायसन्स तर त्याहून कच्चा हक्क, तो मुळात त्या माणसापुरताच असतो. तरीही मी मुदत द्यावी असंच म्हणेन. प्रकरण कोर्टात गेलं तर मालक आडमुठे नव्हते हे कागदावर दिसतं, आणि बरेचदा प्रकरण तिथवर जातही नाही.

खरी मेख पुराव्यात आहे. करारातला माणूस स्वतः राहत असताना त्याचा मावसभाऊ चार महिने मुक्कामाला असला, तर त्याला पोटभाडेकरू म्हणता येत नाही. मूळ माणसाने ताबा सोडलाय आणि जागा दुसऱ्याच्याच हातात आहे, हे दाखवावं लागतं. एकदा ते दिसलं की हे लोक तिथे कसे, याचं उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. पैशांची देवघेव मालकाला सहसा सापडत नाही, म्हणून वहीतल्या नोंदी आणि सेक्रेटरींचं पत्र जपून ठेवायचं.

नोटिशीचा गाभा असा असू शकतो: ‘करारातील कलम 9 नुसार माझ्या लेखी संमतीशिवाय जागा इतरांस देण्यास मनाई आहे. आपण स्वतः तेथे राहत नसून दोन त्रयस्थ व्यक्ती राहत असल्याचे मला 3 ऑक्टोबर रोजी समजले. त्यांना 25 ऑक्टोबरपर्यंत जागेतून हलवावे, त्यांच्याशी झालेल्या व्यवहाराच्या कागदांची प्रत द्यावी आणि 26 ऑक्टोबर रोजी सकाळी 11 वाजता जागेची पाहणी करू द्यावी. तसे न झाल्यास करार संपुष्टात आणण्याचा माझा हक्क मी राखून ठेवते.’ इथे ‘पंधरा दिवसांत’ असं मोघम न लिहिता तारीखच घातली आहे. ‘मिळाल्यापासून पंधरा दिवस’ म्हटलं की मिळाली कधी यावरच वाद सुरू होतो. टपालाचे दिवस धरून तारीख थोडी पुढची घ्यावी. ‘आपली वागणूक सुधारावी’ असली वाक्यं तर टाळावीतच. काय केलं म्हणजे चूक सुधारली, हे समोरच्याला आणि उद्या न्यायाधीशालाही कळायला हवं.

हमखास होणारी चूक म्हणजे नोटीस फक्त फ्लॅटच्या पत्त्यावर पाठवणं. तिथे ती पोटभाडेकरूच्याच हाती पडणार. करारातला कायमचा पत्ता, ईमेल आणि फ्लॅट अशा तिन्ही ठिकाणी ती पाठवावी, टपालाने पाठवताना पोचपावतीसह. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते न फोडता ठेवून द्यावं.

दुसरी चूक पैशांची. ही मुलं भली असतात, मालकाच्या खात्यात थेट यूपीआयने पैसे टाकायला तयार होतात. ते स्वीकारले की आपणच त्यांना मान्यता दिली असा अर्थ निघू शकतो. असे पैसे आले तर परत करावेत आणि परत केल्याचं लेखी कळवावं. मूळ माणसाने त्याची रक्कम भरली, तर ‘नोटिशीतील हक्क राखून स्वीकारली’ असं त्याच दिवशी ईमेलने लिहावं.

पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहितीही इथे अडचणीची ठरते, कारण तिथे नाव एकाचं आणि राहतात दुसरेच. ही तफावत ठाण्यालाही लेखी कळवून टाकावी.

26 तारखेला जागा मोकळी दिसली तर मूळ माणसाकडून तसं लिहून घ्यावं आणि करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरवावं. नसेल, तर करार संपवल्याचं वेगळं पत्र द्यावं आणि पुढचं पाऊल वकिलाला विचारून टाकावं. लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तेव्हापासून दुप्पट दराने भरपाई मागता येते.