दोघांनी सेव्ह केलं, एकाचंच राहिलं

रुग्णालयाची ओपीडी, सकाळी दहाची गर्दी. नोंदणी खिडकीवरच्या कारकुनाने १०.०२ला एका पेशंटचं रेकॉर्ड उघडलं. त्याला मोबाइल नंबर बदलायचा होता, पण तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि तो बोलत बसला. आत ड्रेसिंगच्या खोलीत नर्सने १०.०३ला तेच रेकॉर्ड उघडलं, पेशंटने सांगितल्यावरून ॲलर्जीच्या रकान्यात ‘पेनिसिलिन’ असं लिहिलं आणि १०.०४ला सेव्ह केलं. खिडकीवरचं बोलणं संपायला १०.०९ झाले. कारकुनाने नवा नंबर टाकला, सेव्ह दाबलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दोघांच्याही पडद्यावर ‘नोंद जतन झाली’ असं आलं, आणि त्या त्या क्षणी ते खरंही होतं. मात्र १०.०९नंतर ॲलर्जीचा रकाना पुन्हा कोरा झाला होता.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण अशी चूक कुठल्याही कार्यालयात घडू शकते. फॉर्म उघडला की अख्खं रेकॉर्ड पडद्यावर येतं आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह दाबल्यावर अख्खंच परत जातं, फक्त बदललेला रकाना जात नाही. कारकुनासमोर १०.०२चं रेकॉर्ड होतं आणि त्यात ॲलर्जीचा रकाना कोरा होता. त्याने त्याला हातही लावला नाही, तरी तो कोरा रकाना नंबरासोबत गेला आणि नर्सने लिहिलेल्यावर बसला. संगणकवाले याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात. यात काहीच बंद पडत नाही, लाल अक्षरांत सूचना येत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्येही तक्रार उमटत नाही. नर्स म्हणते, “मी लिहिलं होतं हो.” त्यावर तिला ठरलेलं उत्तर मिळतं, “सेव्ह करायला विसरला असाल.”

म्हणूनच ही चूक आपणहून सापडेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही, ती मुद्दाम घडवून आणावी लागते. इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. सॉफ्टवेअरवर एकाच वेळी हजार माणसं सोडून पाहिली, म्हणजे ही चाचणी झाली, असं त्यांना वाटतं. पण त्या हजार जणांपैकी प्रत्येकजण वेगळं रेकॉर्ड उघडत असेल, तर त्यातून फक्त सर्व्हरचा दम कळतो. या चाचणीला दोन माणसं, एक रेकॉर्ड आणि ठरलेला क्रम एवढंच पुरतं. पहिल्याने उघडायचं, दुसऱ्याने उघडायचं, दुसऱ्याने एक रकाना बदलून सेव्ह करायचं, मग पहिल्याने वेगळा रकाना बदलून सेव्ह करायचं. शेवटी तिसऱ्याच ठिकाणी ते रेकॉर्ड नव्याने उघडून सगळे रकाने तपासायचे. निकाल तिथे लागतो, ‘जतन झाली’ या संदेशावर नाही.

दोन माणसं म्हणजे खरोखर दोन लॉगिन हवीत. एकाच ब्राउझरचे दोन टॅब घेतले तर सर्व्हरच्या दृष्टीने तो एकच माणूस असतो. विकिपीडिया ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, ते स्वतःचाच स्वतःशी झालेला संघर्ष बहुतेक वेळा दाखवत नाही, तसं ते जाणूनबुजून केलेलं आहे. तिथे एकाच नावाने चाचणी करणाऱ्याला सगळं आलबेल दिसेल. म्हणून दुसरं लॉगिन वेगळ्या ब्राउझरमध्ये किंवा निदान इन्कॉग्निटो विंडोत उघडावं.

आता उपाय. पहिला सुचतो तो कुलपाचा. ज्याने आधी उघडलं त्याच्याकडे रेकॉर्ड लॉक होतं, बाकीच्यांना ते फक्त वाचता येतं. सामायिक फोल्डरमधली एक्सेल फाइल दुसऱ्याकडे उघडी असल्याचा संदेश ज्यांनी पाहिला आहे आणि “अहो, ती फाइल बंद करा!” असं ऑफिसभर ओरडले आहेत, त्यांना हे नव्याने सांगायला नको. कुलूप लावणं सोपं असतं, खरी अडचण ते काढण्याची. कारकून जेवायला गेला, वीज गेली, ब्राउझर तसाच बंद केला, यातलं काहीच सर्व्हरला आपणहून कळत नाही. म्हणून कुलपाला मुदत घालतात. उघड्या पानाने ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं सर्व्हरला कळवत राहायचं आणि ते थांबलं की कुलूप सुटायचं. वर्डप्रेसने २०१३ साली ३.६ या आवृत्तीत लेख संपादनासाठी अशीच सोय आणली. शिवाय दुसऱ्याला तो लेख स्वतःच्या ताब्यात घेण्याचा पर्यायही तिथे मिळतो.

टेस्टरने खरा वेळ द्यायचा तो या मुदतीच्या काठावर. चाचणीच्या मशिनवर मुदत अर्ध्या तासाऐवजी एक मिनिट करून घ्यावी. कारकुनाच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड उघडून झाकण मिटावं. मिनिटभराने नर्सला ते रेकॉर्ड मिळालं पाहिजे. तिने बदल करून सेव्ह केला की लॅपटॉप उघडून कारकुनाला सेव्ह दाबायला लावावं. त्याच्या समजुतीप्रमाणे कुलूप अजून त्याच्याकडेच आहे. इथे सॉफ्टवेअरने त्याचं सेव्ह निमूटपणे स्वीकारलं, तर एवढं कुलूप लावूनही आपण १०.०९वरच येऊन थांबतो. माझ्या मते नुसत्या कुलपावर कधीच विसंबू नये. ते माणसांना आधी सूचना देण्यापुरतं ठीक आहे.

राखण खरी करतो तो व्हर्जन नंबर. १९८१ साली कुंग आणि रॉबिन्सन या दोन संशोधकांनी एक निबंध लिहिला. संघर्ष क्वचितच होतात असं धरून चालावं, कुणालाही अडवू नये आणि शेवटी लिहिताना मधल्या काळात काही बदललं का ते तपासावं, हा त्याचा गाभा. रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये ते असं दिसतं: प्रत्येक रेकॉर्डला एक क्रमांक असतो आणि प्रत्येक बदलागणिक तो एकाने वाढतो. फॉर्म उघडताना तो क्रमांकही सोबत येतो आणि सेव्ह करताना परत जातो. डेटाबेसला दिलेला हुकूम साधारण असा असतो:

```sql
UPDATE patient
SET mobile = :mobile, allergy = :allergy,
    version = version + 1
WHERE id = 412 AND version = 7;
```

दोघांनीही ७ क्रमांकाचं रेकॉर्ड उघडलं होतं. नर्सचं सेव्ह आधी पोचलं, क्रमांक ८ झाला. कारकुनाचा हुकूम आला तेव्हा ७ क्रमांकाची ४१२ नंबरची ओळ उरलेलीच नाही, म्हणून डेटाबेस ‘शून्य ओळी बदलल्या’ असं उत्तर देतो. हे शून्य ही चूक नाही, साधं उत्तर आहे, आणि पहिला सापळा तिथेच. प्रोग्रॅमने ते वाचलंच नाही, तर कारकुनाला ‘नोंद जतन झाली’ दिसतं आणि या वेळी हरवतो तो त्याचा मोबाइल नंबर.

दुसरा सापळा जास्त लबाड आहे. प्रोग्रॅमर सेव्हच्या वेळी रेकॉर्ड डेटाबेसमधून पुन्हा वाचतो, त्यावर फॉर्ममधल्या किमती चढवतो आणि लिहून टाकतो. आताच वाचलेला क्रमांक अर्थातच ८ असतो, ८शी ८ जुळतो आणि नर्सचा बदल पुसला जातो. कोडमध्ये व्हर्जनचा रकाना आहे, तपासणीही आहे, तरी ती कधीच कुणाला अडवत नाही. कोड वाचणाऱ्याच्या नजरेतून हे सहज निसटतं, पण दोन लॉगिनच्या चाचणीत पहिल्याच फेरीत उघडं पडतं. क्रमांकाऐवजी शेवटच्या बदलाची वेळ वापरली असेल, तर ती किती बारकाईने साठवली जाते हेही विचारावं. मायएसक्यूएलमधला तारीख-वेळेचा रकाना वेगळं काही सांगितलं नाही तर पूर्ण सेकंदच ठेवतो. एकाच सेकंदात झालेले दोन बदल त्याला वेगळे ओळखता येत नाहीत.

हाताने केलेल्या चाचणीच्या पलीकडची एक चूक राहते. काही प्रोग्रॅम आधी क्रमांक वाचतात, ‘सात आहे ना, मग ठीक’ असं ठरवतात आणि नंतर वेगळ्या हुकमाने लिहितात. या दोन पावलांमध्ये काही मिलिसेकंदांची फट असते, तिथे माणसाचं बोट पोचत नाही. त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहून ७ क्रमांकाच्या वीस विनंत्या तयार ठेवायच्या आणि एकदम सोडायच्या. यश एकालाच मिळालं पाहिजे, बाकी एकोणीस जणांना संघर्षाचा संदेश. शेवटी क्रमांक ८ झाला एवढं पाहून मात्र समाधान मानू नये. दोघांनी सात वाचून दोघांनीही ‘आठ’ लिहिलं, तरी शेवटी आठच दिसतो, म्हणून ‘जतन झाली’ असं किती जणांना सांगितलं गेलं ते मोजायला हवं. फट इतकी अरुंद असते की एखाद्या फेरीत काहीच सापडत नाही. अशा वेळी प्रोग्रॅमरला त्या दोन पावलांमध्ये चाचणीपुरता दोन सेकंदांचा थांबा घालायला सांगावा. मग ही चूक दर फेरीला हजर होते.

संघर्ष पकडला, पुढे काय? अनेक सॉफ्टवेअर इथे ‘रेकॉर्ड बदललं आहे, पान पुन्हा उघडा’ एवढं सांगून हात झटकतात. कारकुनाने पंधरा रकाने भरलेले असतील तर तेही त्याच क्षणी जातात. बदल हरवू नये म्हणून केलेल्या सोयीनेच बदल हरवला, असा हा प्रकार. चाचणीत शेऱ्याच्या रकान्यात चार ओळी मराठीत टाइप करून संघर्ष घडवावा आणि त्या ओळी पडद्यावर टिकतात का, जुनी आणि नवी किंमत शेजारी शेजारी दिसते का, ते पाहावं.

रकाने वेगळे असतील तर सॉफ्टवेअरने दोन्ही बदल जुळवून घ्यावेत, असंही कुणी सुचवतं. नर्सने ॲलर्जी बदलली, कारकुनाने मोबाइल, इथे ते चालून जाईल. पण एका लहान मुलाचं रेकॉर्ड घ्या. डॉक्टरांनी वजन १४ किलो पाहून, किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने पॅरासिटामॉलचा २१० मिलिग्रॅम डोस लिहिला. त्याच वेळी नर्सच्या लक्षात आलं की वजन १० किलो आहे आणि तिने ते दुरुस्त केलं. रकाने वेगळे, म्हणून सॉफ्टवेअर दोन्ही बदल आनंदाने ठेवून घेईल. आता रेकॉर्डवर १० किलोचं मूल आहे आणि डोस किलोला २१ मिलिग्रॅम पडतो. कोणते रकाने एकमेकांवर अवलंबून आहेत, हे डेटाबेसला ठाऊक नसतं. ती यादी तिथे काम करणाऱ्यांना विचारूनच करावी लागते, आणि त्या यादीतल्या जोड्यांना आपोआप जुळवणं बंद ठेवावं.

तुमच्या सोसायटीसाठी, दवाखान्यासाठी किंवा पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर घेणार असाल, तर दाखवायला आलेल्या माणसाला शेजारी शेजारी दोन संगणक मांडायला सांगा. दोन वेगळी लॉगिन घ्या, एक खोटं रेकॉर्ड तयार करा आणि वरचा क्रम त्याच्यासमोर करून पाहा. दुसऱ्या सेव्हला काहीही न विचारता ‘जतन झाली’ असं आलं आणि पहिला बदल रेकॉर्डवर नसला, तर ते दुरुस्त झाल्याशिवाय पैसे देऊ नका.