बिग-ओची व्याख्या: किती पट आणि कुठपासून

संगणकाला एखादे काम करायला किती पायऱ्या लागतात, हे बहुधा कामाच्या आकारावर अवलंबून असते. आकाराला n म्हटले, तर पायऱ्यांची संख्या n चे एक फलन होते, उदाहरणार्थ f(n) = ३n² + ५n + २०. हे फलन n² च्या मानाने फार वेगाने वाढत नाही, असे नेमकेपणाने सांगायचे असेल तर f(n) = O(n²) असे लिहितात. हे चिन्ह जर्मन गणितज्ञ पाउल बाखमान यांनी १८९४ साली अंकशास्त्रावरील ग्रंथात वापरले आणि एडमुंड लांडाउ यांच्या लेखनामुळे ते रूढ झाले. संगणकशास्त्रात त्याचा वापर काटेकोर व्हावा यासाठी डोनाल्ड क्नुथ यांनी १९७६ मध्ये एक टिपण लिहिले. वापर इतका सर्रास असला तरी या चिन्हामागे असलेली असमता पुष्कळदा नजरेआड राहते, आणि मग ‘साधारण n² इतका वेळ लागतो’ एवढाच सैल अर्थ हाती उरतो.

व्याख्या अशी आहे. f आणि g ही दोन फलने असावीत, आणि g ची किंमत धन असावी. C हा एखादा धन स्थिरांक आणि N ही एखादी नैसर्गिक संख्या अशी सापडली, की N पासून पुढच्या प्रत्येक n साठी

|f(n)| ≤ C · g(n)

ही असमता खरी ठरते, तर f(n) हे O(g(n)) आहे असे म्हणतात. f ऋण नसेल तर उभ्या रेघांची गरज पडत नाही. C हा स्थिरांक g ला किती पट मोठे करायची मुभा आहे ते ठरवतो. N हा उंबरठा आहे: त्याच्या अलीकडे असमता मोडली तरी चालते, पलीकडे मात्र एकदाही मोडता कामा नये. दोन्ही संख्या सर्वांत लहान असाव्यात अशी अट नाही. एक जोडी सापडली की काम झाले.

वरच्या फलनावर हे तपासून पाहता येते. सर्वांत सोपा मार्ग जरा ढोबळ आहे. n किमान १ असल्यामुळे n हा n² पेक्षा मोठा नसतो आणि १ हा अंकही n² पेक्षा मोठा नसतो. म्हणून ५n च्या जागी ५n² आणि २० च्या जागी २०n² घातले तर बेरीज कमी होत नाही, झाली तर वाढतेच. एकूण ३n² + ५n² + २०n², म्हणजे २८n². C = २८ आणि N = १ ही जोडी मिळाली आणि f(n) = O(n²) सिद्ध झाले. त्यासाठी कोणतेही समीकरण सोडवावे लागले नाही.

२८ हा स्थिरांक मात्र फारच ऐसपैस आहे. C = ४ चालेल का? त्यासाठी ३n² + ५n + २० ≤ ४n² हवे. दोन्ही बाजूंमधून ३n² वजा केले की ५n + २० ≤ n² उरते, आणि ते n(n − ५) ≥ २० असेही लिहिता येते. n = ७ ला डावी बाजू ७ × २ = १४ होते, म्हणजे असमता मोडते: मूळ फलनाची किंमत २०२ आहे आणि ४n² ची १९६. n = ८ ला ८ × ३ = २४ येतात आणि असमता टिकते: २५२ विरुद्ध २५६. म्हणून N = ८ घ्यावा. पण ८ ला जमले म्हणजे पुढेही जमेल, हे वेगळे दाखवावे लागते. ८, ९, १० अशा काही किंमती घालून पाहणे म्हणजे सिद्धता नव्हे, कारण व्याख्या अगणित संख्यांबद्दल बोलते. येथे कारण सरळ आहे: ८ च्या पुढे n आणि (n − ५) हे दोन्ही गुणक धन असून वाढतच जातात, त्यामुळे त्यांचा गुणाकार २४ च्या खाली येऊच शकत नाही.

C आणखी कमी केला की उंबरठा दूर सरकतो. C = ३.१ घेतल्यास n = ५३ ला फलनाची किंमत ८७१२ आणि ३.१n² ची ८७०७.९ येते, म्हणजे असमता तेथेही मोडलेलीच असते. ती ५४ पासून टिकते. C = ३ घेतला तर मात्र ५n + २० ≤ ० अशी अट उरते, आणि ती कोणत्याही n साठी पुरी होत नाही. म्हणजे ३ पेक्षा किंचितही मोठा कोणताही C चालतो, फक्त तो ३ च्या जितका जवळ, तितका उंबरठा लांब.

व्याख्येची खरी कसोटी लागते ती नकार सिद्ध करताना. हेच फलन O(n) आहे का? असते, तर कुठल्यातरी C साठी N पासून पुढे ३n² + ५n + २० ≤ Cn असायला हवे. n ने भागले की ३n + ५ + २०/n ≤ C. डाव्या बाजूतला एकटा ३n देखील C च्या वर जाता कामा नये, म्हणून n कधीही C/३ च्या पुढे जाऊ शकत नाही. n ला तर अशी मर्यादा नाही. म्हणून असा C असूच शकत नाही. येथेही आकडे घालून पाहणारा फसू शकतो. C = १००० घेतला तर असमता n = १ पासून ३३१ पर्यंत व्यवस्थित टिकते आणि ३३२ ला मोडते. कोणी शंभर किंमती तपासून थांबला, तर त्याला उत्तर ‘होय’ असेच वाटेल.

यातला कळीचा मुद्दा क्रमाचा आहे. C आणि N आधी ठरतात, आणि मग त्यांच्यासाठी प्रत्येक n ची परीक्षा होते. n बघून C बदलायची परवानगी दिली, तर प्रत्येक n साठी पुरेसा मोठा C निवडता येईल आणि कोणतेही फलन कशाचेही O ठरेल. एखाद्या सिद्धतेत C च्या सूत्रात n डोकावत असेल, तर ती सिद्धता चुकली असे खुशाल समजावे.

असमता एकाच बाजूने बांधते, हेही विसरून चालत नाही. ३n² + ५n + २० हे O(n³) देखील आहे, कारण n² हा n³ पेक्षा मोठा नसतो आणि तोच C = २८ येथेही पुरतो. विधान खरे आहे, फक्त कमी माहिती देणारे. म्हणून f(n) = O(n²) मधले बरोबरीचे चिन्ह डावीकडून उजवीकडेच वाचावे. n = O(n²) आणि n² = O(n²) ही दोन्ही विधाने खरी आहेत, पण त्यावरून n आणि n² समान ठरत नाहीत.

स्थिरांक आणि उंबरठा यांचा आकार व्याख्या सांगत नाही, आणि व्यवहारात तेथेच सावध राहावे लागते. एका पद्धतीला १०००n पायऱ्या लागतात आणि दुसरीला n², असे धरले तर पहिली O(n) आहे आणि दुसरी नाही. तरीही n = १०० असताना पहिलीला एक लाख पायऱ्या लागतात आणि दुसरीला दहा हजार. n = १००० ला दोघी बरोबरीत येतात आणि त्यापुढेच पहिली सरस ठरते. काम नेहमी शंभराच्या आसपासचेच असेल, तर दुसरी पद्धत निवडणे योग्य.