उन्हातला पारा, सावलीतला पारा

पालकहो,

आपली मुलं महिनाभर रोज दुपारी अडीच वाजता उन्हातलं आणि सावलीतलं तापमान वहीत लिहिणार आहेत. उन्हातला आकडा मोठा येईल. पण ते हवेचं तापमान नव्हे बरं का! ऊन थेट पडलं की थर्मामीटर स्वतःच तापतो. म्हणूनच हवामान खात्यात तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच ठेवतात. पुण्यात हे खातं शिमला ऑफिसात आहे.

सुट्टीच्या दिवशी घरी थर्मामीटर भिंतीपासून दूर टांगा. फुग्याला हात न लावता दहा मिनिटांनी आकडा वाचा. सावलीतला पारा एकदम चढला, तर ऊन सरकून आलंय का, ते पाहा. आकडा विचित्र वाटला तरी मुलांना खोडू देऊ नका. शेजारी कारण लिहायला सांगा.

आपली,
विज्ञानाच्या बाई