बोअर पस्तीसचा, पान एकच

सकाळी ६.४५. भोसरीतल्या कारखान्याच्या गेटवर पंचिंग. आयटीआयची टर्नरची दोन वर्षं मागे पडली, ॲप्रेंटिसशिपचं वर्षही या महिन्यात संपतंय. बॅगेत डब्याशेजारी एक वही असते. नव्या बायोडाटाचा कच्चा माल तिच्यातच आहे.

७.१०. शिफ्टचा पहिला नग. ईएन-८चा बुश, बोअर ३५ एच-७, म्हणजे ३५.००० ते ३५.०२५ मिलिमीटर. बोअर गेज आधी रिंगवर झिरो केला, जॉब पुसून थंड होऊ दिला. गरम जॉबचा बोअर मोठा दिसतो, हे मी एक नग रिजेक्ट झाल्यावर शिकलो. माप आलं ३५.०१४. क्वालिटीची सही झाली, मग पुढचे नग.

९.४०. बोअर ३५.००५. इन्सर्टचं टोक झिजलं की बोअर लहान होत जातो. एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये ०.०१० वाढवले, पुढचा नग ३५.०१५. दोन्ही मापं वहीत टिपली.

१२.००. जेवण. शेजारच्या मशीनवरच्या काकांना जुना बायोडाटा दाखवला. त्यात लिहिलं होतं, ‘लेथ, सीएनसी, व्हर्नियर, मायक्रोमीटर यांचे ज्ञान’.

काका हसले. “अरे, हा बोअर व्हर्नियरने मोजशील का?”

“नाही काका. व्हर्नियरचा लीस्ट काउंटच ०.०२, आणि आपल्याला सूट सगळी मिळून ०.०२५.”

“मग हेच लिही की! कुठलं माप कशाने घेतलंस ते. नुसती नावं दुकानदारालाही येतात.”

३.३०. शिफ्ट सुटली. बस, भाजी, आंघोळ.

७.३०. खोलीवर वही उघडून बसलो. आयटीआयच्या वर्कशॉपला दोनच ओळी दिल्या: सेंटर लेथवर एम-२० बाय २.५चे बाहेरचे आटे, रिंग गेजने तपासलेले. कंपाउंड स्लाइड फिरवून टेपर. बाकीचे जॉब सगळ्याच टर्नरांनी केलेले असतात.

ॲप्रेंटिसशिपला जास्त जागा दिली. आधी ‘सीएनसी ऑपरेटर-सेटर-प्रोग्रॅमर’ असं झोकात लिहिलं होतं. ते खोडलं. मुलाखतीत समोर ड्रॉइंग ठेवून ‘प्रोग्रॅम लिही’ म्हटलं, तर तिथेच उघडा पडलो असतो. नवी ओळ अशी:

‘सीएनसी लेथ: ऑपरेटिंग ९ महिने. ईएन-८ बुश, बोअर ३५ एच-७, बोअर गेजने तपासणी. इन्सर्ट बदलणे व वेअर ऑफसेट स्वतः. जॉ बदलणे व सेटिंग सेटरच्या हाताखाली. प्रोग्रॅम वाचता येतो, लिहिलेला नाही.’

९.१५. पानाचा फोटो काकांना पाठवला. शेवटचं वाक्य काढू का, असंही विचारलं.

उत्तर आलं, “राहू दे. सेटिंगला उद्या माझ्याबरोबर उभा राहा.”