एक तृतीयांश म्हणजे पहिला तृतीयांश नव्हे

दहावीचे मराठी कुमारभारती 2018 मध्ये बदलले आणि कृतिपत्रिकेत पत्रलेखनाला सारांशलेखनाचा पर्याय मिळाला. पहिल्या प्रश्नातल्या अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा, गुण सहा. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही. ते वर्ष सोडले, तर आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वर्गांत जुन्या कृतिपत्रिकांचे उतारे सरावाला घ्यायची पद्धत आजवर टिकून आहे. एवढ्या वर्षांच्या वह्या पाहिल्यावर ध्यानात येते की मुले लांबीत फारशी चुकत नाहीत, निवडीत चुकतात.

सरावासाठी मी केलेला हा छोटा उतारा पाहा:

“हिवरे बाजार हे नगर तालुक्यातले कमी पावसाचे गाव. पूर्वी इथले अनेक लोक कामासाठी बाहेरगावी जात. पुढे गावकऱ्यांनी श्रमदानातून बंधारे बांधले, डोंगरावर चर खणले, झाडे लावली. जनावरांच्या मोकाट चराईवर आणि कुऱ्हाडीवर बंदी घातली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, असेही ठरवले. त्यामुळे विहिरींचे पाणी टिकले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परत आली.”

शब्द 51, म्हणजे सारांश 17 शब्दांच्या आसपास. बरीच मुले पहिली दोन वाक्ये जवळपास जशीच्या तशी उतरवतात. शब्द भरतात पंधरा, लांबी बरोबर. पण त्यात गावाची अडचण तेवढी येते, गावाने काय केले ते येतच नाही. ही चूक ओळखायची सोपी खूण आहे: उताऱ्याच्या शेवटच्या वाक्यातले काही सारांशात आले आहे का, ते पाहावे.

आता दुसरी रीत. बंधारे, चर, झाडे यांना मिळून एक शब्द पुरतो: जलसंधारण. चारही बंद्या ‘निर्बंध’ या शब्दात मावतात. कारण आणि परिणाम मात्र गाळायचे नाहीत. मग सारांश असा होतो: “कमी पावसाच्या हिवरे बाजारने श्रमदानातून जलसंधारण केले, स्वतःवर निर्बंध घातले, त्यामुळे पाणी टिकून गाव सोडलेली कुटुंबे परतली.” बरोबर 17 शब्द.

उलट टोकाची मुलेही भेटतात. ती ‘हिवरे बाजारचा विकास झाला’ एवढ्यावर थांबतात. ते शीर्षक झाले, सारांश नव्हे. विकास कशामुळे झाला, हे त्यात नाही.

परीक्षेत एकेक शब्द मोजत बसायला वेळ नसतो. एका ओळीतले शब्द मोजून ओळींच्या संख्येने गुणावे आणि तिनाने भागावे. ओळीत नऊ शब्द आणि बारा ओळी असतील, तर उतारा 108 शब्दांचा आणि सारांश साधारण 36 शब्दांचा. दोन-चार शब्द इकडेतिकडे झाले म्हणून मजकूर बिघडत नाही.

यंदा बसणाऱ्या मुलांनी मागच्या कृतिपत्रिकेतला उतारा दोनदा वाचावा, झाकावा आणि सारांश लिहावा. उतारा डोळ्यांसमोर नसला की त्यातली वाक्ये उचलता येत नाहीत. शब्द त्यानंतरच मोजावेत.