हॉट स्टँडबाय नियंत्रक-जोडी : समकालन, सत्तांतर आणि सुरक्षित चाचणी

वर्गात शिकवणारे अध्यापक अचानक आजारी पडले, तर बदली अध्यापक दोन प्रकारे मिळू शकतात. एक म्हणजे घरून बोलावलेले. ते येतील, पण कोणते पान चालू होते हे त्यांना विचारावे लागेल. दुसरे म्हणजे मागच्या बाकावर तेच पुस्तक उघडून, तीच ओळ डोळ्यांखाली ठेवून बसलेले. पहिले वाक्य जिथे थांबले तिथूनच ते पुढे वाचू लागतील. कारखान्यातील नियंत्रण-व्यवस्थेत या दुसऱ्या पद्धतीला ‘हॉट स्टँडबाय’ म्हणतात. दोन सारखे नियंत्रक, म्हणजे पी.एल.सी., एकाच वेळी चालू असतात. एक मुख्य असतो आणि दुसरा राखीव. यंत्रांना आज्ञा मात्र मुख्यच देतो.

राखीव नियंत्रकाजवळ केवळ मुख्याचा प्रोग्रॅम असून भागत नाही. प्रोग्रॅम हे पुस्तक झाले. चालू ओळ वेगळीच असते. बॉयलरचे उदाहरण घेऊ. ड्रममधील पाण्याची पातळी राखण्यासाठी झडप या क्षणी ६२ टक्के उघडी आहे. हा आकडा केवळ आत्ताच्या पातळीवरून निघालेला नाही. मागील काही मिनिटांत साचत आलेल्या चुकीच्या बेरजेवरून तो निघाला आहे. त्याचप्रमाणे एखाद्या टायमरची ६० पैकी ४१ सेकंदे संपलेली असतात. ही बेरीज आणि हे सेकंद राखीवाजवळ नसतील, तर सूत्रे हाती येताच तो झडपेला भलतीच आज्ञा देईल. म्हणून या आतल्या किमती त्याच्याकडे सतत पोहोचवाव्या लागतात. यालाच समकालन म्हणतात.

समकालनाच्या दोन प्रमुख रीती आहेत. मॉडिकॉन मालिकेतील रीतीत मुख्य नियंत्रक प्रत्येक फेरीत आपली स्मृती राखीवाकडे पाठवतो. फेरी म्हणजे इनपुट वाचणे, प्रोग्रॅम चालवणे व आउटपुट देणे हा एक पूर्ण आवर्त होय. प्रोग्रॅमला ३० मिलिसेकंद आणि पाठवणीला २० मिलिसेकंद लागत असतील, तर फेरी ५० मिलिसेकंदांची होते. समकालनाची किंमत अशी वेळेत मोजावी लागते. सीमेन्सच्या एस ७-४०० एच मधील रीत निराळी आहे. तेथे दोन्ही नियंत्रक प्रोग्रॅम चालवतात आणि ज्या घटनांमुळे त्यांच्यात फरक पडू शकेल, त्या प्रत्येक घटनेपाशी प्रकाशतंतूवरून एकमेकांशी मेळ घालतात.

आता सत्तांतराकडे वळू. मुख्य बंद पडला हे राखीवाला कसे कळते? मुख्याकडून ठरावीक अंतराने जिवंतपणाची खूण येत असते. ती थांबली की राखीव ठरलेला वेळ वाट पाहतो. पण खूण थांबण्याची कारणे दोन असू शकतात : मुख्य खरोखर बंद पडला, किंवा दोघांमधील केबल तुटली. दुसऱ्या प्रसंगी राखीवाने सूत्रे घेतली, तर एकाच झडपेला दोन मालक होतील. हा या व्यवस्थेतील सर्वांत घातक दोष होय. म्हणून चांगल्या रचनेत दुसरा मार्गही असतो. समकालनाची केबल गप्प आहे, पण इनपुट-आउटपुटच्या जाळ्यावर मुख्य ऐकू येतो आहे, असे असेल तर राखीवाने पुढे न येता बाजूला व्हावे. दोन्ही मार्ग गप्प असतील तेव्हाच त्याने पुढे यावे.

या वाट पाहण्यातच एक असा दोष दडतो, जो नेहमीच्या चाचणीत सापडत नाही. वरच्याच बॉयलरची पाणी पुरवणारी मोटर एका काँटॅक्टरवर चालते असे धरू. राखीव नियंत्रक खुणेची १५० मिलिसेकंद वाट पाहतो. नंतर आउटपुट ताब्यात घेऊन पहिली फेरी पूर्ण करण्यास त्याला आणखी १०० मिलिसेकंद लागतात. एकूण २५० झाले. दुसरीकडे आउटपुट मोड्यूलला सांगून ठेवले आहे की, २०० मिलिसेकंद आज्ञा न आल्यास आउटपुट शून्य करावे. म्हणजे ५० मिलिसेकंद आउटपुट शून्यावर राहते. झडप जड असते, ती इतक्यात फारशी हलणार नाही. परंतु काँटॅक्टर सुटण्यास एवढा वेळ पुरतो. तो सुटला की मोटर थांबते, आणि पुन्हा सुरू होण्यासाठी ऑपरेटरची आज्ञा लागत असेल तर ती आपोआप फिरत नाही.

तंत्रज्ञाने संगणकावरून आज्ञा देऊन सत्तांतर केले, तर हा दोष दिसणारच नाही. त्यात वाट पाहण्याचे १५० मिलिसेकंद नसतात. १०० मध्ये काम होते आणि २०० ची मर्यादा ओलांडली जात नाही. चाचणी उत्तीर्ण होते. खरा बिघाड आल्यावर मात्र मोटर बंद पडते. तात्पर्य, आज्ञेने केलेले सत्तांतर आणि अचानक आलेले सत्तांतर या दोन भिन्न परीक्षा आहेत. पहिलीवरून दुसरीचा निकाल काढता येत नाही.

म्हणून चाचणी पायऱ्यापायऱ्यांनी करावी. प्रथम कारखाना बंद असताना, मोटरचा मुख्य वीजमार्ग तोडून व काँटॅक्टरची नियंत्रण-वीज तेवढी चालू ठेवून, म्हणजे स्टार्टर ‘टेस्ट’ स्थितीत ठेवून ती घ्यावी. दोन्हींचा प्रोग्रॅम व फर्मवेअर एकच आहे आणि राखीव समकालित असल्याचे दर्शवतो आहे, याची नोंद करावी. मग आज्ञेने सत्तांतर करावे. नवा राखीव पूर्ण समकालित झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. या नियमाचा भंग झाल्यास एकही नियंत्रक शिल्लक राहत नाही. नंतर मुख्याची वीज तोडावी, त्यानंतर त्याची जाळ्याची केबल काढावी. समकालनाची केबल सर्वांत शेवटी काढावी. तेव्हा अपेक्षित उत्तर ‘सत्तांतर न होणे’ हे आहे. ही केबल निघालेली असताना मुख्याची वीज कदापि तोडू नये.

काँटॅक्टरच्या सहायक संपर्कावर जलद नोंदयंत्र लावावे. पडद्यावरील सेकंदाला एक नोंद घेणाऱ्या आलेखात ५० मिलिसेकंदांची फट दिसत नाही. फट आढळल्यास मोड्यूलची मर्यादा, समजा, ५०० मिलिसेकंद करता येते. मात्र तेवढा वेळ आउटपुट गोठलेले राहिले तर प्रक्रियेला चालेल काय, हे आधी तपासावे. पातळी सेकंदांच्या गतीने बदलते, तेथे चालेल. वेगवान यंत्राला चालणार नाही. चालू कारखान्यात चाचणी घ्यावयाची तर भार स्थिर असावा, झडपेपाशी हाताने चालवणारा माणूस उभा असावा आणि पातळी फार खाली गेल्यास बॉयलर बंद करणारे संरक्षण या जोडीपासून स्वतंत्र असावे.

एवढे करूनही एक मर्यादा उरते. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले. त्यात दिशा व गती मोजणारी दोन एकसारखी उपकरणे होती. त्यांपैकी एक हॉट स्टँडबाय होते. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही म्हणून चालू उपकरण बंद पडले. राखीव उपकरण त्याच कारणाने त्याच्या आधीच्या ७२ मिलिसेकंदांच्या आवर्तात बंद पडलेले होते. राखीव नियंत्रक यंत्राचा बिघाड झाकू शकतो; दोघांनी मिळून वाचलेल्या पुस्तकातील चूक तो झाकू शकत नाही. ती चूक शोधण्यासाठी प्रोग्रॅमची परीक्षा वेगळीच घ्यावी लागते.