फिलेट की चॅम्फर? कोपरा पाहून ठरवा

वाहनाच्या भिंतीला उपकरण अडकवण्यासाठी ॲल्युमिनियमचा एल आकाराचा ब्रॅकेट करायचा आहे. त्याच्या कडांना गोलाई, म्हणजे फिलेट द्यावा की तिरपा छेद, म्हणजे चॅम्फर? याचे उत्तर कडा आतली आहे की बाहेरची, यावर अवलंबून असते.

आपल्या ब्रॅकेटची जाडी 6 मिमी आणि रुंदी 40 मिमी आहे. आतल्या कोपऱ्यापासून 50 मिमीवर 200 न्यूटन, म्हणजे सुमारे 20 किलोचा भार येतो. साध्या वाकण्याच्या हिशेबाने कोपऱ्याजवळ सुमारे 42 मेगापास्कल ताण येतो. पण आतला कोपरा जवळजवळ धारदार, अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येचा असेल, तर ताण तिथे गोळा होऊन साधारण दुप्पट, 83 पर्यंत जातो. 6 मिमी त्रिज्येचा फिलेट दिला, तर तो 46 च्या आसपास राहतो.

6061-टी6 हा मिश्रधातू सुमारे 275 मेगापास्कलला कायमचा वाकतो. त्यामुळे पहिल्या दिवशी दोन्ही ब्रॅकेट सारखेच भक्कम वाटतील. फरक पडतो तो धक्क्यांनी. तोच भार खालीवर कोट्यवधी वेळा येत राहिला, तर या धातूची सहनशक्ती 97 च्या आसपास उतरते. 83 म्हणजे तिच्या उंबरठ्यावर. खरवडलेला पृष्ठभाग किंवा थोडा जास्त भार पुरतो आणि आतल्या कोपऱ्यात केसाएवढी भेग सुरू होते. आत चॅम्फर दिल्याने काम भागत नाही. एका काटकोनाच्या जागी दोन बोथट कोपरे येतात आणि ताण तिथेही गोळा होतो.

खर्चाचे काय? ब्रॅकेट आडवा ठेवून त्याची आकृती 10 मिमी व्यासाच्या एंडमिलने कापली, तर आतल्या कोपऱ्यात गोलाई आपोआप येते. त्रिज्या 5 ऐवजी 6 मिमी ठेवावी, म्हणजे हत्यार कोपऱ्यात न थांबता वळते आणि थरथरीचे वण उरत नाहीत. हा फिलेट जवळपास फुकट पडतो.

बाहेरच्या कडांवर ताण गोळा होत नाही. तिथे फक्त बर काढायची आणि हात कापू द्यायचा नाही. अर्ध्या मिलिमीटरचा 45 अंशांचा चॅम्फर एकाच फेरीत होतो, आणि एकच चॅम्फर हत्यार अनेक मापांना चालते. बाहेर फिलेट हवा असेल, तर प्रत्येक त्रिज्येला वेगळे हत्यार लागते किंवा बॉलनोज हत्याराच्या अनेक फेऱ्या माराव्या लागतात.

एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. काटकोनी कडेची पट्टी आतल्या फिलेटवर चढून बसते आणि बोल्ट आवळला तरी फट राहते. म्हणून त्या पट्टीच्या कडेला 7 मिमीचा चॅम्फर द्यावा. आत फिलेट, बाहेर चॅम्फर, आणि जोडीच्या भागाला फिलेटहून मोठा चॅम्फर, असे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहावे.